नर्सिंग हँडओव्हर हिंदीत लिहिताना अर्थ पक्का कसा ठेवायचा? एक नोंद ओळीगणिक तपासायची आहे

वैनगंगा:

मी गोंदियातल्या एका खासगी रुग्णालयात एचडीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्या रात्रपाळीला बालाघाट आणि राजनांदगावकडच्या मुली आहेत. कामात तरबेज, औषधाची नावं इंग्रजीत बिनचूक वाचतात. पण आम्ही संध्याकाळी घाईत जे मराठी-इंग्रजी मिसळून लिहितो, त्यावर त्या अडतात आणि अंदाज करतात. म्हणून ठरलंय की फाईल इंग्रजीतच राहील, पण बेडजवळचा हँडओव्हरचा कागद हिंदीत. त्याचा नमुना मला तयार करायचा आहे.

खाली एक नोंद देते. पेशंटची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, आकडेही बदललेत. त्यात डीकेए म्हणजे मधुमेहात रक्तात आम्ल साठणं आणि एनबीएम म्हणजे तोंडाने काहीही द्यायचं नाही. आधी मूळ:

> बेड ७. पुरुष ६२. डीकेए. शुगर उतरतेय. इन्सुलिन ६ मिली चालू, २०० खाली आली की डेक्स्ट्रोज लावून निम्मं करणे. पोटॅशियम पाठवलंय, कमी आलं तर इन्सुलिन थांबवणे. ३ जुलाब. एनबीएम. डाव्या हाताची लाईन सुजली. सीटी उद्या. बीपी ठीक. सरांना सांगितलंय.

आणि हे आमच्या एका स्टाफने केलेलं हिंदी:

> बेड ७. पुरुष ६२. डीकेए. शुगर कम हो रही है. इंसुलिन ६ मिली चालू, २०० से कम हो तो डेक्सट्रोज लगाके आधा करना. पोटैशियम भेजा है, कम आया तो इंसुलिन बंद. ३ जुलाब. उपवास. दावे हाथ की लाइन सूजी. सीटी कल. बीपी ठीक. सर को बताया.

वाचायला सोपं वाटतं. पण रात्री दोन वाजता, पंप वाजत असताना, नवीन मुलीने यातून काय समजायचं? जिथे दोन अर्थ निघतात ती जागा दाखवा.

---

मोहित_बालाघाट:

ताई, माझी घरची भाषा हिंदी. नोकरीमुळे मराठी लिहितो, चुका पोटात घाला. मी नर्स नाही, मेडिकल स्टोअर चालवतो. पण हा कागद मी हिंदी माणूस म्हणून वाचला आणि चार ठिकाणी थबकलो.

पहिलं, जुलाब. आमच्याकडे जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध. ‘3 जुलाब’ वाचून मला वाटलं की पेशंटला तीनदा रेचक दिलंय. तुम्हाला म्हणायचं आहे दस्त. अर्थ पुरता उलटा झाला.

दुसरं, ‘सीटी कल’. कालही कल आणि उद्याही कल. वाक्यात क्रियापद असतं तर कळलं असतं, हो गया की होना है. तुम्ही क्रियापदच उडवलंय. सीटी होऊन गेली, रिपोर्ट फाईलमध्ये असेल, असं कोणीही समजेल.

तिसरं, ‘6 मिली’. हिंदीत मिली म्हणजे मिळाली. रिपोर्ट मिली, दवा मिली. इथे कोणी फसणार नाही, पण ‘रिपोर्ट’ शब्दाच्या शेजारी आलं तर फसेल. एमएल लिहा.

चौथं, ‘दावे हाथ’. हा शब्द हिंदीत नाहीच. मी तो दाएं वाचला, म्हणजे उजवा. तुमचा डावा!

---

फराळवाला:

उपवास लिहिलंय म्हणून पेशंटला साबुदाण्याची खिचडी नाही ना दिली? 😄

विनोद बाजूला, पण माझ्या आत्याच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री खरंच घडलंय हे. ‘उपास आहे’ सांगितलं तर शेजारच्या बाईने प्रेमाने केळं आणि दूध दिलं. ऑपरेशन पुढे ढकललं.

---

चिंतामणी_काका:

चांगला विषय. नातेवाइकांना कोणी नीट सांगतच नाही. आमच्या सौ.च्या डिस्चार्ज कार्डावर इतकी अगम्य अक्षरं होती की केमिस्टनेही हात टेकले. हिंदी कशाला, सरळ मराठीत द्या ना. महाराष्ट्रात आहोत आपण. गोळी सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, एवढं तरी पेशंटच्या हातात मराठीत पडायला हवं.

---

वैनगंगा:

काका, तुमचं म्हणणं पटतं, पण हा कागद पेशंटच्या हातात जात नाही. एक सिस्टर दुसऱ्या सिस्टरला पेशंट सोपवते तेव्हाचा आहे. डिस्चार्ज कार्ड आम्ही मराठीतच समजावतो.

मोहित, तुम्ही सांगितलेलं जुलाबाचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. या पेशंटचं पोटॅशियम आधीच घसरणीला लागलंय, त्यात दस्त होतायत म्हणून ती ओळ लिहिली होती. ‘रेचक दिलं’ असं वाचलं तर कारणच बदलतं.

---

रेवाकाठ:

मी राजभाषा विभागात अनुवादाचं काम केलंय. गोंधळ होतो कारण आपण बाजारू हिंदी वापरतो. वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोग १९६१ पासून प्रमाण संज्ञा ठरवतो आहे. रक्त शर्करा, अतिसार, अंतःशिरा, मधुमेही कीटोअम्लता असे शब्द वापरले तर दोन अर्थ निघणारच नाहीत. प्रमाण शब्दाला एकच अर्थ असतो, हा त्याचा फायदा.

---

मोहित_बालाघाट:

भाऊ, एकच अर्थ असतो हे बरोबर. पण तो अर्थ वाचणाऱ्याला माहीत असायला हवा ना. मी हिंदी माध्यमात शिकलो, तरी ‘कीटोअम्लता’ वाचून थांबलो. ‘डीकेए’ मात्र माझ्या दुकानात येणारी प्रत्येक सिस्टर म्हणते.

---

पाठक_सिस्टर:

मी नागपुरात अनेक वर्षं आयसीयूत होते, आता निवृत्त. रेवाकाठ यांचं अर्धं म्हणणं मी घेईन. एका गोष्टीला एकच शब्द आणि तो कधी बदलायचा नाही, हे शंभर टक्के खरं. पण तो शब्द वॉर्डात बोलला जाणारा हवा. शुगर, पंप, कैनुला, सलाइन, सैंपल हे शब्द तसेच राहू द्यात. बदलायचे ते आपल्या डोक्यातून हिंदीत सांडलेले मराठी शब्द.

त्यातले धोक्याचे तीन मला ठाऊक आहेत. जुलाब वर आलाच. दुसरा फिट. आपण म्हणतो ‘पेशंटला फिट आली’. हिंदीत ‘मरीज फिट’ म्हणजे ठणठणीत. तिसरा फेफरे. हिंदीवाल्याला तिथे फेफड़े दिसतात, म्हणजे फुप्फुसं. मग तो छाती ऐकत बसतो. ‘दौरा पड़ा’ लिहावं, आणि एवढ्यावरही न थांबता काय दिसलं ते लिहावं: हाथ-पैर में झटके, 2 मिनट, उसके बाद 10 मिनट होश नहीं. कारण दौरा डॉक्टरांचाही असतो आणि हृदयाचाही असतो.

डाव्या-उजव्यासाठी बायां आणि दाहिना. दायां वापरूच नका. मराठी कानाला दायां आणि डावा फार जवळचे वाटतात, आणि दायां-बायां घाईच्या अक्षरात एकसारखे दिसतात. दाहिना लांब आहे, तो कशातच मिसळत नाही.

आता आकडे. वैनगंगा, तुमच्या कागदावर ६ आणि ३ देवनागरीत आहेत. पंपाच्या पडद्यावर, ग्लुकोमीटरवर, लॅबच्या रिपोर्टवर 0 ते 9 असतात. हाताने घाईत लिहिलेला देवनागरी ४ हा 8 सारखा दिसतो, १ हा 9 सारखा आणि ७ हा 6 सारखा. इन्सुलिनच्या बाबतीत ४ चे 8 झाले तर डोस दुप्पट. यंत्रावर जे आकडे, तेच कागदावर. आणि औषधाचं नाव बाटलीवर आहे तसंच, रोमन मोठ्या अक्षरांत. युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. त्याचं एकअक्षरी इंग्रजी रूप शून्यासारखं दिसतं आणि दहापट डोस जातो, म्हणून बऱ्याच ठिकाणी ते लिहायला मनाई आहे.

जांच या शब्दाबद्दल वेगळं लिहीन, आता नातू उठलाय.

---

राजनांदगाव_एक्सप्रेस:

दाहिनाही नको म्हणणाऱ्या आज्या आमच्याकडे आहेत. छत्तीसगढीत उजवा जेवनी आणि डावा डेरी. जेवायचा हात तो जेवनी. पेशंटला विचाराल तर तो ‘डेरी हाथ पिरावत हे’ म्हणेल. कागदावर बायांच लिहा, पण मुलींना हे माहीत असू द्या.

---

मस्कत_सिस्टर:

मी ओमानमध्ये आहे. आमच्या वॉर्डात मल्याळी, फिलिपिनो, ओमानी आणि मराठी नर्स एकत्र काम करतात. हँडओव्हर फक्त इंग्रजीत. वैनगंगाताई, राग मानू नका, पण मला मुळात हिंदी कागद करणंच पटत नाही. दोन भाषांतले दोन कागद म्हणजे दोन सत्यं. रात्री ऑर्डर बदलली, इंग्रजी फाईलमध्ये नोंद झाली आणि हिंदी कागद तसाच राहिला तर? त्यापेक्षा मुलींचं इंग्रजी पक्कं करा.

आणि कागद कोणत्याही भाषेत असो, ऐकणारीने परत म्हणून दाखवलंच पाहिजे. आकडा असेल तर अंक सुटे. हिंदीत ७९ उन्यासी आणि ८९ नवासी, ५९ उनसठ आणि ६९ उनहत्तर. मराठी माणूस तिथे हमखास अडखळतो. ‘शुगर सात-नौ’ म्हणा. डेढ़ सौ, ढाई सौही नको. ‘एक-पांच-शून्य’.

---

वैनगंगा:

राग कसला. ऑर्डर बदलल्यावर कागद जुना राहण्याची भीती मलाही आहे. पण इंग्रजी पक्कं व्हायला वेळ लागेल आणि पेशंट आज रात्री बेडवर आहे. सुटे अंक म्हणायची सवय मात्र उद्यापासूनच लावते.

---

पाठक_सिस्टर:

आता जांच. मराठीत आपण तपासणी, टेस्ट, रिपोर्ट असे वेगळे शब्द वापरतो. हिंदीत डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं तेही जांच, रक्त घेतलं तेही जांच. ‘जांच हो गई’ याचे चार अर्थ मी स्वतः ऐकलेत: रक्त काढलं, लॅबला गेलं, रिपोर्ट आला, डॉक्टरांनी पाहिला. प्रत्येकाला पुढचं काम वेगळं आहे.

म्हणून मी चार वाक्यं ठरवून दिली होती आणि पाचवं कोणी लिहायचं नाही: सैंपल लिया. लैब भेजा. रिपोर्ट आई. डॉक्टर ने देखी. प्रत्येकापुढे वेळ. जिथे वेळ नाही तिथे ते काम झालेलं नाही. वैनगंगाच्या कागदावर ‘पोटैशियम भेजा है’ आहे, पण कधी? साडेसहाला गेलेलं सॅम्पल पावणेआठला परतलं नाही तर ते खराब झालं, हरवलं की लॅबचं मशीन बंद, हे विचारावं लागतं. वेळ नसेल तर रात्रीची मुलगी निवांत वाट बघत बसते.

---

डॉ_सातपुडा:

फिजिशियन आहे. भाषेच्या खोड्या छान काढल्यात सगळ्यांनी. पण या नोंदीतली सगळ्यात घातक जागा अजून कोणी धरली नाही, आणि ती मूळ मराठीतही आहे.

इन्सुलिनबद्दल दोन सूचना आहेत. शुगर उतरली तर काय करायचं आणि पोटॅशियम उतरलं तर काय करायचं. दोन्ही ‘कमी झालं तर’च्या सूचना, पण कृती विरुद्ध. शुगर उतरून २०० च्या खाली आली तर इन्सुलिन बंद करायचं नाही. डीकेएमध्ये शुगर आधी उतरते, रक्तातली आम्लता मागाहून जाते. आम्लता घालवायला इन्सुलिन चालूच हवं. शुगर फार पडू नये म्हणून जोडीला डेक्स्ट्रोज देतो आणि पंप निम्म्यावर आणतो. शुगर उतरली म्हणून कोणी पंप बंद केला तर पहाटे पेशंट पुन्हा धापा टाकायला लागतो, आणि ग्लुकोमीटर मात्र ‘चांगला’ आकडा दाखवत असतो. श्वास जोरात आणि खोल, उलट्या परत सुरू, बायकार्बोनेट खाली, ही लक्षणं दिसली की समजायचं.

पोटॅशियम पडलं तर मात्र पंप खरंच थांबवायचा. इन्सुलिन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं, आधीच कमी असलेलं आणखी कमी होतं आणि हृदयाची लय बिघडते.

आता हिंदी कागद वाचा. ‘200 से कम हो तो’, ‘कम आया तो इंसुलिन बंद’. दमलेल्या डोक्यात हे एकच वाक्य होतं: कम आया, बंद. शिवाय ‘पोटैशियम कम’ म्हणजे किती? माझ्या ऑर्डरमध्ये ३.३ च्या खाली असं असतं. शुगरसाठी कोणी २०० धरतात, कोणी २५०. कुठला आकडा बरोबर यावर वॉर्डात वाद घालायचा नाही, त्या पेशंटच्या ऑर्डरमध्ये आहे तोच उतरवायचा.

---

मोहित_बालाघाट:

डॉक्टरसाहेब, यात ‘से’चीही गडबड आहे. ‘शुगर 200 से कम हो रही है’ असं कोणी लिहिलं तर २०० च्या खाली आहे, की २०० वरून उतरते आहे? हिंदीत दोन्ही. ‘200 या उससे कम’ लिहिलं की एकच अर्थ राहतो.

आणि ‘रोको’ शब्द घेणार असाल तर ‘मत’ शेजारी आणू नका. ‘रोको मत चालू रखो’ आणि ‘रोको, मत चालू रखो’. शाळेत हिंदीच्या मास्तरांचं आवडतं उदाहरण होतं हे. स्वल्पविरामावर पेशंट टांगायचा नाही. नकार टाळा, काय करायचं तेच लिहा.

---

डॉ_सातपुडा:

बरोबर. ‘इंसुलिन चालू रहे’. आणि बंद शब्द दोन गोष्टींसाठी वापरू नका. थोड्या वेळापुरतं थांबवणं म्हणजे ‘रोकें’, आणि पुन्हा सुरू कोणाच्या सांगण्यावरून ते लगेच पुढे. ‘बंद’ फक्त औषध कायमचं काढलं तेव्हा.

---

रेवाकाठ:

पाठक सिस्टर, वॉर्डात बोलला जाणारा शब्द हवा हे मान्य करतो. पण मग ‘दिया जाए’, ‘किया जाए’ ही सरकारी रचनाही काढा, माझ्याच खात्याची असली तरी. त्यात करणारा दिसत नाही. ‘लैब को फोन किया जाए’. कोणी? संध्याकाळची म्हणेल रात्रीची करेल, रात्रीची म्हणेल झाला असेल.

---

पाठक_सिस्टर:

अगदी. हे माझ्याकडून सुटलं होतं. ‘सर को बताया’चंही तेच. कोणत्या सरांना, किती वाजता, काय सांगितलं, ते काय म्हणाले? ‘बताया’ वाचलं की पुढची निर्धास्त होते. सरांना फक्त बीपी सांगितलं असेल आणि हात सुजल्याचं राहून गेलं असेल.

---

चिंतामणी_काका:

आता समजला मला विषय. मग माझा एक प्रश्न. ‘मुंह से कुछ नहीं’ हे घरच्यांना कोण सांगणार? सिस्टरांचा कागद कितीही चोख असला तरी फराळवाल्यांच्या आत्यासारखं केळं बाहेरूनच येतं.

---

वैनगंगा:

काका, नमुन्यात ओळ वाढवते, घरच्यांना सांगितल्याची वेळ. धन्यवाद.

सगळ्यांचं घेऊन आज दुपारी बसले. लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. हिंदी करायला निम्माही वेळ लागला नाही. बाकीचा वेळ संध्याकाळच्या स्टाफला फोन करण्यात गेला, कारण मूळ नोंदीत माहितीच नव्हती. सुजलेली लाइन काढली का? हो, काढली. मग इन्सुलिन आता कुठून चाललंय? ‘बीपी ठीक’ म्हणजे किती? अशा जागी अनुवाद करणारीने मनाने भरायचं नाही, लिहिणारी घरी जायच्या आत तिलाच विचारायचं, असा नियम करतेय. नमुना असा (औषधांची नावं प्रत्यक्षात रोमन अक्षरांत असतील):

> बेड 7. पुरुष, 62 साल, 60 किलो। हाथ की पट्टी से नाम और नंबर मिलाएं। डीकेए। उल्टी और पतले दस्त के साथ भर्ती।
>
> हालत, 12 तारीख 19:30 पर: होश में, नाम और जगह सही बताते हैं। नाड़ी 104, बीपी 108/70, सांस 22, तापमान 37.2, सैचुरेशन 97, ऑक्सीजन नहीं लगी है। शुगर 18:30 पर 312, 19:30 पर 268। पेशाब 16:00 से 19:30 तक 260 एमएल। पतले दस्त 08:00 से 19:30 तक 3 बार, खून नहीं। मुंह से कुछ नहीं, पानी भी नहीं। घरवालों को 19:15 पर बताया।
>
> चल रहा है: इंसुलिन पंप 6 एमएल प्रति घंटा (50 एमएल में 50 यूनिट, यानी 1 एमएल में 1 यूनिट)। बाएं हाथ की कैनुला सूजी थी, 17:50 पर निकाल दी। अब सब दाहिने हाथ की गुलाबी कैनुला से। दूसरी कैनुला 20:30 तक रात की सिस्टर लगाएं, दाहिने हाथ में ही।
>
> जांच: पोटैशियम: सैंपल लिया 18:30, लैब भेजा 18:40, रिपोर्ट 19:40 तक नहीं आई। 20:15 तक न आए तो रात की सिस्टर लैब को फोन करें। पिछला 14:30 का, 3.8। क्रिएटिनिन: रिपोर्ट आई 19:10, डॉक्टर ने नहीं देखी। पेट का सीटी: अभी नहीं हुआ, 13 तारीख 10:00 पर होना है। डॉक्टर क्रिएटिनिन देखकर हां कहें तभी भेजें।
>
> हर घंटे: शुगर, रात की सिस्टर। अगली 20:30 पर।
>
> अगर शुगर 200 या उससे कम: इंसुलिन चालू रहे। 5% डेक्सट्रोज शुरू करें, पंप 3 एमएल प्रति घंटा करें, ड्यूटी डॉक्टर को बताएं।
>
> अगर पोटैशियम 3.2 या उससे कम: इंसुलिन पंप रोकें, ड्यूटी डॉक्टर को उसी मिनट फोन। पंप दोबारा सिर्फ डॉक्टर के कहने पर।
>
> डॉक्टर को बताया: ड्यूटी डॉक्टर, 18:00 पर, हाथ की सूजन और दस्त। कहा: नई लाइन लगाओ, पोटैशियम भेजो।

३.३ च्या खाली याचं ‘3.2 या उससे कम’ केलंय, कारण आमची लॅब एकच दशांश देते. डॉक्टर, चालेल का?

---

डॉ_सातपुडा:

लॅब एकच दशांश देत असेल तर चालेल. दोन दशांश द्यायला लागली की बदला, नाहीतर ३.२६ ला कोणीच काही करणार नाही.

तापमान ३७.२ पुढे सेल्सिअस लिहा, तुमच्याकडे फॅरनहाइटचे थर्मामीटरही असतील. आणि तिसरी अट कुठे आहे? डेक्स्ट्रोज लावूनही शुगर ७० च्या खाली गेली तर?

---

मस्कत_सिस्टर:

कागद चांगला झालाय, हे मोकळेपणाने सांगते. ‘दूसरी कैनुला दाहिने हाथ में ही’ का, हे मात्र लिहा. दाहिन्या हातात शीर मिळाली नाही तर मुलगी डाव्या सुजलेल्या हाताकडेच वळेल. मिळाली नाही तर कोणाला बोलवायचं तेही हवं. दोन कागदांबद्दलची माझी शंका कायम आहे.

---

पाठक_सिस्टर:

कागद जुना पडण्यावर आमच्याकडे एक उपाय होता. हँडओव्हरच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात ‘19:40 तक सही’ असं लिहायचं. त्यानंतर ऑर्डर बदलली की कागदावर आडवी रेघ मारून ‘फाइल देखें’. दुरुस्ती कागदावर करायचीच नाही. याने सगळं सुटतं असं म्हणणार नाही, रेघ मारायला विसरायचेच.

---

मोहित_बालाघाट:

‘19:40 तक सही’ मध्ये ‘सही’ म्हणजे बरोबर, आणि मराठीत सही म्हणजे स्वाक्षरी 🙂 तुमची मराठी स्टाफ तिथे सही ठोकून मोकळी होईल. ‘19:40 तक की जानकारी’ लिहा.

---

वैनगंगा:

घेतलं. डाव्या हाताची ओळ आता अशी: ‘बाएं हाथ में सूजन है, वहां सुई न लगाएं। दाहिने में नस न मिले तो ड्यूटी डॉक्टर को बुलाएं।’ तापमानापुढे सेल्सिअस घातलं.

७० खालची अट मूळ ऑर्डरमध्येच नव्हती. आज आमच्या डॉक्टरांकडून लिहून घेतली आणि मगच हिंदी केलं: ‘अगर शुगर 70 से नीचे, यानी 69 या उससे कम: पंप रोकें, 25% डेक्सट्रोज 100 एमएल नस से दें, उसी समय ड्यूटी डॉक्टर को फोन, 15 मिनट बाद शुगर दोबारा। पंप दोबारा सिर्फ डॉक्टर के कहने पर।’

हिंदी कागद फाईलला लावायचा की सकाळी नष्ट करायचा, यावर आमच्याकडे एकमत नाही. मेडिकल रेकॉर्डवाले म्हणतात लावा, मेट्रन म्हणतात एकाच पेशंटची दोन रेकॉर्ड नकोत. कोणाच्या रुग्णालयात असा समांतर कागद चालत असेल तर तिथे काय करतात ते सांगा.

---

मस्कत_सिस्टर:

आमच्याकडे हाताने लिहिलेला हँडओव्हर कागद शिफ्ट संपली की श्रेडरमध्ये जातो. पण त्यावर कृतीच्या सूचना नसतात, त्या सगळ्या मुख्य रेकॉर्डमध्ये. तुमच्या कागदावर पंप रोकायची अट आहे. त्यावर वाचून कोणी पंप थांबवला, तर तो कागद मी तरी फाडणार नाही.

---

डॉ_सातपुडा:

मीही नाही. निदान ज्या कागदावर ‘अगर’ची ओळ आहे तो लावा, आणि त्या ओळीखाली ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरची सही घ्या. मला हिंदी वाचता येतं, सही करायला माझी हरकत नसेल. तुमच्या डॉक्टरांना विचारा.